धागा: फोटोतला माणूस काढला, आता त्याच्यामागच्या पायऱ्या कशा बसवायच्या?

मृण्मयी_के
नमस्कार मंडळी. आईबाबांच्या लग्नाच्या चाळीसाव्या वाढदिवसाला एक फोटो मोठा छापून भिंतीवर लावायचाय. कोकणातल्या आमच्या गावच्या देवळाच्या जांभ्याच्या पायऱ्या आहेत. आईबाबा खाली, पायऱ्यांच्या मधोमध उभे आहेत. त्यांच्या मागे, उजव्या कठड्याला टेकून एक गृहस्थ मोबाइल बघत बसलेत, शेजारी त्यांची सॅक. त्यांना काढायचंय.

काढणं जमलं, मागचं भरणं जमत नाहीये. फोटोशॉपचं `Content-Aware Fill` वापरलं तर पायऱ्या मध्येच वितळल्यासारख्या दिसतात. डावीकडून मोजल्या तर दहा पायऱ्या, उजवीकडून मोजल्या तर नऊ. मग क्लोन स्टँपने खालची पायरी उचलून वर लावत गेले. कडा जुळल्या, तरी काहीतरी विचित्र दिसतंय. नेमकं काय ते कळत नाही.

फोटो ४००० × ३००० पिक्सेलचा आहे, मूळ फाइल हातात आहे. उजव्या कठड्याशी पहिली आणि दुसरी पायरी दिसते, तिसरी ते आठवी झाकलेली, नववीपासून वर पुन्हा दिसतात. डावीकडे सगळ्या दिसतात, पण जेमतेम चारशे पिक्सेल. त्यापुढे आईबाबा उभे आहेत.

विटा_आणि_वाळू
ताई, जांभ्याच्या पायऱ्या बसवताना घाई नको. खालचा भराव आधी नीट ठोकून घ्या. राइझर सात इंच, ट्रेड अकरा इंच ठेवा, म्हाताऱ्या माणसांना चढायला सोपं जातं. सगळ्या पायऱ्यांचा राइझर सारखाच पाहिजे. एक जरी पायरी अर्ध्या इंचाने उंच झाली तरी पाय अडखळतो. गवंडी गावातलाच बघा, जांभा फोडायचा हात सगळ्यांना नसतो.

मृण्मयी_के
काका, पायऱ्या फोटोतल्या आहेत हो 😄 देवळाच्या शाबूत आहेत.

हौशी_हरी
मी असं करतो. दिसणाऱ्या दोन पायऱ्यांमधलं अंतर मोजायचं, मग पुढच्या दोनमधलं. पुढचं अंतर मागच्याच्या किती टक्के ते काढायचं. साधारण ८५ टक्के येतं. मग प्रत्येक पायरी त्याच प्रमाणात लहान करत जायची. लांबची वस्तू लहान दिसते, एवढाच काय तो पर्स्पेक्टिव्ह.

कातळ
हरी, अंतर कमी होत जातं हे बरोबर, पण ते ठरावीक टक्क्यांनी कमी होत नाही. ही युक्ती फार जुनी आहे. अल्बर्ती नावाच्या इटालियन वास्तुविशारदाने १४३५ साली चित्रकलेवर ग्रंथ लिहिला, त्यात फरशीच्या रेषा एकाच प्रमाणात जवळ आणत जाणाऱ्या चित्रकारांची चूक दाखवून दिली आहे. दोन-तीन पायऱ्यांपुरतं खपून जातं. सहा पायऱ्या भरायच्या असतील तर उघडं पडतं.

मृण्मयी, उजव्या कठड्याला लागून पहिली, दुसरी, नववी आणि दहावी या पायऱ्यांच्या कडा वरून किती पिक्सेलवर आहेत ते मोजून सांग. कड म्हणजे उभी बाजू संपून पाय ठेवायची जागा सुरू होते ती धार. आणि कॅमेरा साधारण किती उंचीवर होता?

मृण्मयी_के
पहिली २८२०, दुसरी २५४३, नववी १४३१, दहावी १३३७. फोटो भावाने उभं राहून काढला, मोबाइल डोळ्यांसमोर धरून. जवळजवळ समोरून आहे, पण अगदी काटकोनात नाही.

कातळ
छान. आधी तुला जे विचित्र दिसतंय त्याबद्दल, कारण कडा जुळूनही चित्र खोटं दिसण्याचं कारण तिथेच आहे.

एका पायरीचे फोटोत दोन भाग दिसतात, उभी बाजू आणि वरची सपाटी. वर जाताना दोन्ही भाग लहान होतात, पण सारख्या वेगाने नाही. उभी बाजू कॅमेऱ्याच्या समोर असते, ती फक्त अंतर वाढतं म्हणून लहान होते. सपाटी आपण वरून तिरकी बघत असतो. पायरी जितकी डोळ्यांच्या उंचीजवळ येते तितकी तिची सपाटी चपटी दिसते, आणि डोळ्यांच्या उंचीला ती नुसती रेघ होते. त्याच्या वर सपाटी दिसतच नाही, फक्त उभ्या बाजू एकावर एक.

काकांनी सांगितलेलं माप, म्हणजे सात इंच उंची आणि अकरा इंच खोली, तुझ्या आकड्यांना बऱ्यापैकी लागू पडतंय. ते धरून मी हिशोब केला. दुसऱ्या पायरीची सपाटी तुझ्या फोटोत साधारण ८२ पिक्सेल जाड असेल आणि तिच्या मागची उभी बाजू १५२. पाचव्या पायरीला सपाटी उरते २८, उभी बाजू १२३. म्हणजे उभी बाजू जेमतेम पाचवा हिस्सा घटली आणि सपाटी एक तृतीयांशावर आली. तू दुसरी पायरी आख्खी उचलून, लहान करून पाचवीच्या जागी लावलीस तर तिची सपाटी पासष्टच्या आसपास राहणार, म्हणजे हवी त्याच्या जवळजवळ अडीचपट. डोळ्याला वाटतं की ती पायरी पुढे कललीय. क्लोन करताना पायरी आख्खी उचलायचीच नाही.

मृण्मयी_के
अगदी हेच! मधल्या पायऱ्या घसरगुंडीसारख्या उतरत्या वाटत होत्या. पण डोळ्यांची उंची फोटोत कुठे आहे ते कसं ओळखायचं?

कातळ
फोटो अगदी काटकोनात नाही म्हणालीस ना, त्याचा इथे फायदा आहे. डावीकडच्या दिसणाऱ्या कडांवर `Ruler Tool` ठेवून कोन बघ. खालच्या पायऱ्यांच्या कडा एका बाजूला कललेल्या दिसतील, वरच्या उलट बाजूला. जिथे कल शून्य होतो ती डोळ्यांची पातळी. माझ्या हिशोबाने ती आठवी आणि नववीच्या मध्ये, १५०० च्या आसपास यायला हवी. दुसरी खूण सोपी आहे. ज्या पायरीची सपाटी डावीकडे दिसतच नाही, ती पातळीच्या वर.

आता कडांच्या जागा. डावीकडचे चारशे पिक्सेलचे तुकडे उजवीकडे लांबवत नेऊ नकोस. तुकडा लहान आणि जायचंय लांब. चारशेमध्ये एका पिक्सेलची चूक झाली तर कठड्यापाशी पोचेपर्यंत तीन-चार पिक्सेलची होते. उजवीकडचा बिंदू स्वतंत्रपणे काढायचा आणि मग दोन्ही टोकं जोडायची.

त्यासाठी कॅनव्हास वर हजारेक पिक्सेलने वाढव. पायऱ्यांची डावीकडची टोकं जोडणारी एक रेघ काढ, जिन्याच्या उताराला धरून. तशीच उजवीकडे, दिसणाऱ्या चार टोकांमधून. दोन्ही रेघा वर कुठेतरी मिळतील, बहुतेक फोटोच्या बाहेर. तो बिंदू कुठे येतो ते सांग. मोजताना फोटोची वरची कड शून्य धर, त्याच्या वर उणे.

सुलूआत्या
माझंही असंच काहीसं आहे म्हणून इथेच विचारते. बागेतल्या लाकडी पट्ट्यांच्या बाकावर आमच्या शेजारीण बसल्या आहेत, कडेला माझा नातू. त्यांना काढून नातवाला एकट्याला ठेवायचंय. पट्ट्या सरळ आहेत, त्या ओढून घेतल्या, प्रश्न आला नाही. पण मधला पाय त्यांच्या साडीमागे आहे. मी तो दोन टोकांच्या बरोब्बर मध्ये लावला, तर बाक मोडल्यासारखा दिसतो.

कातळ
आत्या, बाक तिरका दिसतोय ना फोटोत? मग खऱ्या बाकाचा मध्य हा फोटोतल्या अंतराचा मध्य नसतो, तो लांबच्या टोकाकडे सरकतो. बसायच्या फळीचे चार कोपरे धरा आणि समोरासमोरचे कोपरे जोडणाऱ्या दोन तिरक्या रेघा काढा. त्या जिथे छेदतात तो खरा मध्य. तिथून फळीच्या आडव्या पट्टीच्या दिशेने पुढच्या कडेपर्यंत या, पाय तिथून खाली जाईल. आडवी पट्टी म्हणजे बाकाच्या दोन टोकांना असते ती, आणि तुमची रेघ त्या दोघींच्या कलाच्या मधल्या कलाने जायला हवी. पायाची सावली जमिनीवर पडलेली असणार, तीही शेजारीणबाईंच्या पायांमागे गेली असेल. ती विसरू नका, नाहीतर पाय हवेत दिसेल.

सुलूआत्या
करून बघते. पण मधला पाय होता का नव्हता हेच आता आठवत नाही. दोनच पाय असतील तर?

खिडकीतून
मग त्याच बागेतल्या दुसऱ्या बाकाचा फोटो काढून आणा. अंदाजाने पाय चिकटवण्यापेक्षा बरं.

बाकी एक शंका. जांभ्याच्या जुन्या पायऱ्या एकसारख्या कधीच नसतात. हा सगळा हिशोब सारख्या पायऱ्या धरून चाललाय.

मृण्मयी_के
दोन्ही रेघा फोटोच्या वरच्या कडेपासून ४२९ पिक्सेल वर मिळाल्या. म्हणजे −४२९. कल शून्य होण्याची जागाही आठवी-नववीच्या मध्येच आली. सातवीची सपाटी डावीकडे दोरीएवढी दिसते, नववीची अजिबात नाही.

कातळ
झकास. आता हिशोब सोपा आहे. त्या बिंदूपासून प्रत्येक कडेचं अंतर घ्यायचं. पहिलीचं २८२० + ४२९ = ३२४९. नववीचं १४३१ + ४२९ = १८६०. ही अंतरं सारख्या टप्प्याने कमी होत नाहीत, पण त्यांचे व्यस्त सारख्या टप्प्याने वाढतात. दशांशाचा त्रास नको म्हणून दहा लाखाला भागू. पहिलीचा ३०७.८, नववीचा ५३७.६. फरक २२९.८, मध्ये आठ टप्पे, म्हणून एक टप्पा २८.७३. आता पाचवी पायरी म्हणजे पहिलीच्या पुढे चार टप्पे, ३०७.८ + ११४.९ = ४२२.७. दहा लाख भागिले ४२२.७ म्हणजे २३६६. त्यातून ४२९ वजा केले की १९३७. तुझ्या पाचव्या पायरीची कड कठड्यापाशी १९३७ वर.

भरवसा ठेवण्याआधी तपासून घे. दुसरी आणि दहावी तुला दिसताहेत, पण हिशोबात आपण त्या वापरलेल्या नाहीत. याच पद्धतीने दुसरी २५४३ वर येते आणि दहावी १३३७ वर, तू मोजलेल्या आकड्यांवर तंतोतंत. एखादी वीस-तीस पिक्सेलने चुकली असती तर पायऱ्यांची मोजणी तरी चुकली असती किंवा मध्ये कुठेतरी रुंद पायरी आहे असं समजायचं.

हौशी_हरी
मी माझ्या ८५ टक्क्यांनी करून बघितलं. नववी १४७६ वर आली, खरी आहे १४३१ वर. ४५ पिक्सेल, म्हणजे जवळजवळ अर्धी पायरी. कबूल! हातानं आकडेमोड नको म्हणून हे लिहिलंय, ज्याला हवं त्याने वापरा:

```python
V = -429
y1, y9 = 2820, 1431
a, b = 1/(y1 - V), 1/(y9 - V)
for n in range(1, 11):
    print(n, round(V + 1/(a + (b - a)*(n - 1)/8)))
```

मधल्या सहा पायऱ्या २३०९, २१०९, १९३७, १७८६, १६५४, १५३६ अशा येतात. पण कातळ, पहिली, दुसरी, तिसरी दिसत असत्या तर तो वरचा बिंदू रेघा न काढताच गणिताने नसता का काढता आला?

कातळ
आला असता, पण मी तसं करणार नाही. लागून असलेल्या तीन पायऱ्यांवरून तो बिंदू काढताना आकडे नुसते पूर्णांकात घेतले तरी −४२९ च्या जागी −४७२ येतो. अर्ध्या पिक्सेलचा फरक तिथे चाळीसचा होतो. लांब लांबच्या पायऱ्या हातात असतील तर त्याच घ्याव्यात.

खिडकीतून, तुमची शंका रास्त आहे. म्हणूनच गणित फक्त उजव्या टोकापुरतं. डावीकडे जे दिसतंय ते खरं, तिथे गणिताने ढवळाढवळ करायची नाही.

मृण्मयी_के
सगळ्या कडा पाथने आखून घेतल्या. डावीकडच्या खऱ्या कडा आणि उजवीकडचे बिंदू जोडले. पाच रेघा मस्त बसल्या. पाचवी मात्र डावीकडे अपेक्षेपेक्षा ९ पिक्सेल खाली आहे.

विटा_आणि_वाळू
दगड बसला असणार. जांभ्यात होतं. खालची माती पावसात वाहून जाते आणि एक टोक खचतं.

कातळ
त्या अंतरावर ९ पिक्सेल म्हणजे सव्वा सेंटिमीटरच्या आसपास. काकांचं म्हणणं पटण्यासारखं आहे. मी असतो तर डावीकडचा दगड आहे तसा खाली ठेवला असता आणि आईबाबांच्या मागे कुठेतरी सांधा आहे असं धरून उजवीकडे हिशोबाची जागा घेतली असती.

खिडकीतून
मी सबंध पायरीच ९ पिक्सेल खाली घेतली असती. एकच दगड खचला असं कशावरून? उजवीकडचं कोणालाच दिसलेलं नाही.

कातळ
तेही चालेल. दोन्हीपैकी काहीही केलं तरी फोटो खोटा दिसणार नाही.

आता भरायचं कसं ते. सपाटीसाठी नमुना नेहमी त्याच पायरीवरून घ्यायचा, आडवा. पाचवीची सपाटी पाचवीच्याच डावीकडून. जाडी आपोआप बरोबर राहते. मात्र सपाटीवरचे सांधे बघ. ते सगळे आत, डोळ्यांच्या पातळीवरच्या एका बिंदूकडे जातात, म्हणून डावीकडचे सांधे उजवीकडे झुकलेले दिसतात आणि उजवीकडचे डावीकडे. डावीकडचा तुकडा जशाचा तसा उजवीकडे ठेवलास तर सांधा उलट्या दिशेला झुकेल. तुकडा आरशासारखा उलटवला तर सांधा सुधारतो, पण जांभ्याच्या भोकांमधला उजेड उलटतो. ऊन कुठून येतंय?

मृण्मयी_के
डावीकडून, सकाळचं.

कातळ
मग उलटवू नकोस, भोकं फुगवट्यांसारखी दिसायला लागतील. `Filter > Vanishing Point` उघड. तिसरीच्या सपाटीवर चार कोपऱ्यांचा पट आख आणि त्यातल्याच `Stamp Tool` ने आडवं क्लोन कर, सांधे आपोआप वळतात. पटाची जाळी निळी असेल तर ठीक, पिवळी किंवा लाल झाली तर कोपरे चुकलेत. सहावी, सातवी, आठवी इतक्या चपट्या आहेत की तिथे पट आखता येत नाही आणि गरजही नाही. वीसेक पिक्सेलच्या पट्टीत सांध्याचा कल कोणाला दिसत नाही.

उभ्या बाजूंना मोकळीक आहे. त्या सगळ्या एकाच दिशेला तोंड करून आहेत, म्हणून एकीचा नमुना दुसरीला चालतो, फक्त आकार बदलायचा. दुसरी-तिसरीच्या मधली उभी बाजू पाचवीच्या मागे लावायची तर ८१ टक्के करून. तुझ्याकडे डावीकडचे चारशेच पिक्सेल आहेत, तोच तुकडा सहा वेळा लावलास तर जांभ्यातलं एखादं मोठं भोक ओळीने सहा ठिकाणी दिसेल. म्हणून उभ्या बाजू वेगवेगळ्या पायऱ्यांवरून घे.

तिरकस
गिंप वापरणाऱ्यांसाठी: `Perspective Clone` नावाचं हत्यार टूलबॉक्समध्येच आहे. आधी `Modify Perspective` निवडून चौकट सपाटीवर बसवायची, मग `Perspective Clone` निवडून कंट्रोल दाबून नमुना घ्यायचा. फोटो ०.५ च्या लेन्सने काढला असेल तर आधी कडा सरळ आहेत का ते बघा. वाकलेल्या कडेवर ही सगळी भूमिती फुकट.

मृण्मयी_के
लेन्स साधीच होती, कडा सरळ आहेत. तिसरी ते पाचवी `Vanishing Point` मध्ये केल्या, बाकी हाताने. घसरगुंडी गेली! भावाला न सांगता दाखवला, त्याला कोणी बसलं होतं हे कळलं नाही. भरलेला भाग जरा गुळगुळीत दिसत होता, त्यावर थोडं नॉइज टाकलं.

एक राहिलंय. त्या गृहस्थांची सावली उजव्या कठड्यावर आहे. पायऱ्यांवरची त्यांच्याबरोबरच गेली, पण कठड्यावरची एक तिरकी काळी पट्टी आता कुणाचीच नाही.

कातळ
ती काढावीच लागेल, निदान उजळावी लागेल. `Curves` चा लेयर, मास्क सावलीच्या आकाराचा. मास्कची कड सगळीकडे सारखी मऊ ठेवू नकोस. सावली टाकणारा जिथे कठड्याला टेकला होता तिथे ती कडक असते, लांब जाईल तशी मऊ होत जाते. सावलीतला रंग निळसर असतो, म्हणून नुसतं उजळून भागणार नाही, निळा थोडा कमी करावा लागेल.

मृण्मयी_के
उजळलं, तर सावलीच्या कडेला एक फिकट किनार राहते. मास्क आत-बाहेर करून बघितला तरी जात नाही.

खिडकीतून
मग तेवढी किनार क्लोननेच झाका. कठडा सपाट आहे, तिथे भूमितीचा जाच नाही.

सुलूआत्या
आमच्या बागेतल्या दुसऱ्या बाकाला मधला पाय आहे. पण तो बाक नवा रंगवलेला, आमचा जुना. दोन्ही एकाच वेळचे आहेत का ते माळ्याला विचारून सांगते.